सल्ला सदर: कॅक 40 हजारांवरून 60 हजारांवर गेलाय, आणि सेल्सचा आमच्या आकड्यांवर विश्वास नाही

पत्र: मी मार्केटिंग बघते. पुढच्या आठवड्यात क्वार्टरली रिव्ह्यूमध्ये सेल्स टीमसमोर मला वीस मिनिटं बोलायचंय. मागच्या क्वार्टरला 24 लाख खर्चून 60 ग्राहक आले, या वेळी 30 लाख खर्चून 50. म्हणजे कॅक, एक नवा ग्राहक मिळवायचा खर्च, 40 हजारांवरून 60 हजारांवर गेला. माझे बॉस म्हणतात, सरळ सांग, लीड 20 टक्क्यांनी महाग झाली कारण मार्केट महाग झालंय आणि बाकीची वाढ सेल्सचं कन्व्हर्जन पाच टक्क्यांवरून चारवर घसरलं म्हणून आहे. पण सेल्सवाले आमच्या डॅशबोर्डला हसतात. त्यावर या क्वार्टरचे 71 ग्राहक दिसतात, प्रत्यक्षात 50 आहेत. माझ्या 18 स्लाइड्स तयार आहेत. त्यांना हे पटेल असं कसं मांडू? सोबत शीट जोडतेय. (नाव देऊ नका)

उत्तर:

तुमचं पत्र वाचून आधी शीट उघडली आणि बराच वेळ त्यातच गेला, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न भाषणाच्या आधीच कुठेतरी आहे. तुम्ही विचारताय की हे त्यांना पटेल असं कसं मांडू. पण जे मांडायला सांगितलंय तेच बरोबर नसेल तर? तेव्हा आधी ते बघू, स्लाइड्सचं नंतर.

बॉसचा हिशेब मी करून बघितला, भागाकार अगदी बरोबर आहे. लीड म्हणजे माहिती देऊन गेलेला संभाव्य ग्राहक. मागच्या वेळी अशा 1200 लीड होत्या, म्हणजे लीडमागे 2000, या वेळी 1250, म्हणजे लीडमागे 2400. वीस टक्के वाढ. आणि 1200 मधून 60 आले ते पाच टक्के, 1250 मधून 50 ते चार टक्के. हे असं स्क्रीनवर टाकलं की दोन ओळींत निकाल लागतो, थोडं मार्केटचं, जास्त सेल्सचं. आणि तिथेच मीटिंग संपते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला माहितीये की त्याने या तीन महिन्यांत काही कमी मेहनत केलेली नाही.

आता तुमच्याच शीटचा दुसरा टॅब बघा, जिथे लीड कुठून आली ते आहे. मागच्या क्वार्टरला सर्च आणि वेबसाइटवरून 1000 लीड होत्या, त्यातले 56 ग्राहक झाले. सोशल मीडियावरच्या इन्स्टंट फॉर्मवरून 200, त्यातले 4. या क्वार्टरला सर्चवरून 750 आणि ग्राहक 42, फॉर्मवरून 500 आणि ग्राहक 8. कॅल्क्युलेटर घेऊन सर्चचा टक्का काढा. 1000 ला 56 म्हणजे 5.6. 750 ला 42 म्हणजे परत 5.6. सेल्सने चांगल्या लीड जशा आधी क्लोज केल्या तशाच आत्ताही केल्यात, तसूभर फरक नाही. एकूण टक्का पाचवरून चारवर आला तो मुख्यतः ढिगात फॉर्मच्या कच्च्या लीड अडीचपट झाल्या म्हणून, आणि त्या कुणी वाढवल्या? आपण.

आता खर्चाकडे या, कारण माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे आणि बॉसच्या दोन ओळींत ती पूर्ण झाकली जाते. सर्चवर मागच्या वेळी 22.4 लाख गेले, म्हणजे लीडमागे 2240. या वेळी 25.5 लाख गेले आणि लीड आल्या फक्त 750, म्हणजे लीडमागे 3400. ही वाढ वीस टक्के नाहीये, बावन्न टक्के आहे. मग डॅशबोर्डवर वीसच का दिसते, तर फॉर्मच्या 900 ला एक पडणाऱ्या 500 लीड त्याच सरासरीत मिसळल्यात. स्वस्त लीडनी आपला महागलेला खर्च झाकला आणि त्याच लीडनी सेल्सचा टक्का खाली ओढला. एकाच सरासरीने आपली चूक लहान दाखवली आणि त्यांच्यावर एक नसलेली चूक चिकटवली. तुमच्या बॉसने हे मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाही, सरासरी बघायची सवय असली की हे आपोआप होतं, पण सेल्सवाले तुमच्या आकड्यांवर विश्वास का ठेवत नाहीत याचं उत्तर बहुतेक हेच आहे. त्यांना भागाकार करून दाखवता येत नसेल, पण दिवसभर फोनवर काय चाललंय ते त्यांना कळतं, आणि स्लाइड त्याच्या उलट बोलते.

म्हणून तुमच्या पत्रातलं जे गृहीत आहे, की आकडे बरोबर आहेत आणि अविश्वास हा त्यांचा स्वभाव आहे, ते मला बाजूला ठेवावंसं वाटतं. या वेळी तरी त्यांचा अविश्वास तुमच्या डॅशबोर्डपेक्षा जास्त अचूक निघालाय.

ते 71 चं काय, हा प्रश्न हमखास येणार, म्हणून तोही समजून घ्या. जाहिरातीचा प्रत्येक प्लॅटफॉर्म स्वतःच्या जाहिरातीचं श्रेय स्वतःच मोजतो. गूगल ॲड्स डीफॉल्ट सेटिंगमध्ये क्लिकनंतर 30 दिवसांत काही घडलं तर ते आपलं मानतं, मेटा क्लिकनंतर 7 दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यावर 1 दिवस धरतं. एखाद्या माणसाने फॉर्मची जाहिरात बघितली, दुसऱ्या दिवशी सर्च करून तुमच्या पेजवर आला आणि नाव नोंदवलं, तर दोघेही म्हणतात हा माझा. दोघांची बेरीज केली की एक माणूस दोनदा मोजला जातो. यात कुणी खोटं बोलत नाहीये, पण ही बेरीज ग्राहकांची संख्या म्हणून लावणं चुकीचंच आहे. प्लॅटफॉर्मचे आकडे आपण आतल्या कामाला वापरतो, कुठली जाहिरात बंद करायची कुठली चालू ठेवायची वगैरे, तेवढ्याला ते ठीक आहेत. सेल्ससमोर मात्र ग्राहक मोजायचा तो सीआरएममधूनच, म्हणजे सेल्स जिथे प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवतं तिथूनच, आणि तोसुद्धा नावानिशी.

नावानिशी म्हणजे अगदी शब्दशः. रिव्ह्यूच्या आधी सेल्स हेडसोबत तासभर बसा आणि त्या 50 ग्राहकांची यादी एकेक ओळ करून वाचा, हा कुठून आला, कधी आला, कुणी क्लोज केला. पहिल्या दहा ओळींतच तुम्हाला कळेल की तुमची आणि त्यांची मोजायची तारीखसुद्धा एक नाहीये. सेल्स बहुतेक वेळा करारावर सही झाली की मोजतं, अकाउंट्स पहिले पैसे आले की, आणि मार्केटिंगच्या शीटमध्ये कधीकधी डील क्लोज दाखवली ती तारीख असते. क्वार्टरच्या शेवटच्या आठवड्यातल्या चारपाच डील या तारखांमुळे इकडच्या तिकडे होतात, आणि मग दोन टीम दोन वेगळे आकडे घेऊन भांडत बसतात. एक तारीख ठरवा. मी सही घेईन, कारण ती सेल्सची आहे आणि आपल्याला त्यांच्या मापाने बोलायचंय.

एक अनुभव सांगतो. मी एका कंपनीत असताना आम्हीही असेच इन्स्टंट फॉर्म सुरू केले होते आणि आकडे बघून खूश होतो. एक दिवस सेल्समधल्या एका सहकाऱ्याच्या शेजारी बसून मी त्याचे वीस कॉल ऐकले, सगळे फॉर्मच्या लीडचे. सात जणांनी फोन उचललाच नाही. तिघांचे नंबर बंद. पाच जण म्हणाले मी असा काही फॉर्म भरलेलाच नाही, आणि त्यातले दोघे खरंच चिडले. हे लोक खोटं बोलत नव्हते. त्या फॉर्ममध्ये नाव, फोन, ईमेल प्रोफाइलवरून आधीच भरून येतं, माणूस स्क्रोल करताना दोन टॅप करतो आणि विसरून जातो, आणि प्रोफाइलवर नंबर पाच वर्षांपूर्वीचा असतो. उरलेल्या पाचांपैकी दोन जण खरे गरजू निघाले. त्या सहकाऱ्याने वहीत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने छोटी फुली मारलेली, आणि तो मला म्हणाला, तुमच्या शीटमध्ये या वीस लीड आहेत ना, माझ्याकडे ही एक अख्खी सकाळ आहे. तेव्हापासून मी लीडची किंमत काढताना ती सकाळ पण मोजतो.

तुमच्या शीटमध्ये ती सकाळ नाहीये. बघा, फक्त जाहिरातीच्या खर्चाने हिशेब केला तर फॉर्मचा ग्राहक 56 हजारांना पडतो आणि सर्चचा जवळजवळ 61 हजारांना, म्हणजे फॉर्म स्वस्तच वाटतो, आणि मला भीती आहे की मीटिंगमध्ये कुणीतरी हे उचलून म्हणेल की मग फॉर्मच वाढवा. पण फॉर्मचा एक ग्राहक मिळायला सेल्सला 62-63 लीडच्या मागे लागावं लागतं, सर्चचा एक मिळायला 18 च्या. एका लीडमागे फोन, परत फोन, मेसेज, नोंद असं सगळं धरून 40 मिनिटं पकडली (हा आकडा माझा अंदाज आहे, खरा सेल्स हेडला विचारा) तर एका ग्राहकामागे फॉर्मला सुमारे 42 तास जातात आणि सर्चला 12. म्हणजे फॉर्मच्या ग्राहकामागे 30 तास जास्त. त्या तासांचा पगार कॅकमध्ये धरला की स्वस्त काय ते उलटं होतं. तुमचा 60 हजारांचा आकडा फक्त जाहिरात आणि एजन्सीचा आहे, सेल्सचे पगार आणि इन्सेंटिव्ह त्यात नाहीत, हे स्लाइडवर त्या आकड्याच्या खालीच लिहा. नाहीतर कुणीतरी विचारेल आणि तुम्ही लपवलंत असं दिसेल.

आता राहिलं ते "मार्केट महाग झालंय". हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं वाक्य मीटिंगमध्ये पूर्ण खोट्याइतकंच महागात पडतं. सर्चच्या लीडची किंमत दोन गोष्टींनी बनते, एक क्लिक कितीला पडतो आणि पेजवर आलेल्या शंभरांतले किती जण माहिती भरतात. तुमच्या शीटमध्ये मागच्या वेळी क्लिक साधारण 134 ला होता आणि शंभरांत 6 जण भरत होते. या वेळी क्लिक 170 ला आणि भरतात 5. समजा पेज पूर्वीसारखंच चाललं असतं, तर 170 च्या क्लिकनेही लीड 2830 च्या आसपास पडली असती. म्हणजे 2240 ते 3400 या वाढीतली साधारण निम्मी क्लिकची आणि निम्मी आपल्या पेजची किंवा आपण कुणाला पेजवर आणतोय त्याची.

क्लिकच्या निम्म्याचं कारण बघायचं असेल तर ऑक्शन इनसाइट्स रिपोर्टमध्ये बघा, तुमच्याच शब्दांवर नवीन कोण बोली लावायला लागलंय का. तसं दिसलं तर मार्केटचं बोलायला तुमच्याकडे पुरावा आहे. दिसलं नाही तर ते वाक्य काढून टाका. दुसऱ्या निम्म्यासाठी सर्च टर्म्स रिपोर्ट काढा, म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं ते. बजेट वाढवलं आणि ते संपवायला ब्रॉड मॅच, म्हणजे मिळत्याजुळत्या शब्दांवरही जाहिरात दाखवायची सेटिंग, मोकळं सोडलं असेल तर तिथे असे शब्द दिसतील की तुम्हीच म्हणाल हा माणूस आपल्याकडे कशाला आला. मला तुमच्या बाबतीत हाच संशय जास्त आहे, कारण खर्च तीन लाखांनी वाढला आणि लीड अडीचशेने घटल्या, नुसत्या महाग क्लिकने इतकं होत नाही.

अजून एक गोष्ट तपासल्याशिवाय मंचावर जाऊ नका, ती म्हणजे वेळेचा फरक. तुमच्याकडे लीड आल्यापासून सही होईपर्यंत अडीच महिने लागतात असं तुम्ही शीटमध्ये लिहिलंय. मग या क्वार्टरचे 50 ग्राहक बऱ्यापैकी मागच्या क्वार्टरच्या लीडमधले आहेत, आणि या क्वार्टरच्या कितीतरी लीड अजून शिजतायत. एका क्वार्टरचा खर्च भागिले त्याच क्वार्टरचे ग्राहक हा हिशेब म्हणून थोडा ओबडधोबड आहे. यावर उपाय सोपा आहे पण कुणी करत नाही: दोन्ही क्वार्टरच्या लीड एकाच वयाच्या असताना तुलना करा. म्हणजे मागच्या क्वार्टरच्या पहिल्या महिन्यातल्या सर्चच्या लीड 60 दिवसांच्या झाल्या तेव्हा त्यातल्या किती क्लोज झाल्या होत्या, आणि या क्वार्टरच्या पहिल्या महिन्यातल्या 60 दिवसांच्या झाल्या तेव्हा किती. दोन्ही जवळपास सारखे आले तर वरचं 5.6 चं विधान टिकतं आणि तुम्ही बेधडक बोला. खूप फरक आला तर मला वाटतं तुम्ही ते विधान मागे घ्यावं आणि जे दिसलं तेच सांगावं. मात्र "अजून लीड शिजतायत, आकडा खाली येईल" हे सबब म्हणून वापरू नका, हे त्यांनी आधी ऐकलेलं असणार.

आता भाषण. 18 स्लाइड्स नकोत, तीन पुरेत, एक स्रोतवार तक्ता, एक सर्चच्या लीडची किंमत का वाढली त्याचा, आणि एक पुढच्या क्वार्टरला काय बदलतोय त्याचा. आणि तो पहिला तक्ता आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवून द्या, म्हणजे लोक आकडे पहिल्यांदा बघायच्या धक्क्यात नसतील. सुरुवात मी अशी करेन, शब्द तुमचे घाला:

"एका ग्राहकाचा खर्च 40 हजारांवरून 60 हजारांवर गेलाय. यात तुमचे पगार धरलेले नाहीत. हे 50 ग्राहक सीआरएममधले आहेत, सहीच्या तारखेने, आणि आम्ही यादी तुमच्या हेडसोबत बसून तपासलीये. आमच्या डॅशबोर्डवर 71 दिसत होते, ते चूक होतं, तो आकडा इथून पुढे या मीटिंगमध्ये येणार नाही. सर्चच्या लीड तुम्ही मागच्या वेळी शंभराला 5.6 क्लोज केल्यात, या वेळीही 5.6. एकूण टक्का घसरला तो मुख्यतः आम्ही फॉर्मच्या लीड 200 वरून 500 केल्या म्हणून. आणि सर्चची लीड आम्हाला 52 टक्क्यांनी महाग पडली, त्यातलं निम्मं आमच्या हातातलं आहे."

इथे थांबा आणि त्यांना बोलू द्या. पहिली दोन-तीन मिनिटं कडवट येतील, येऊ देत. मधे एखाद्या क्षणी तुम्हाला म्हणावंसं वाटेल की फॉर्मच्या लीडला तुम्ही दोन दोन दिवस फोन करत नाही. ते खरंही असेल. पण त्या खोलीत ते म्हणू नका. 500 लीड अंगावर टाकल्यावर फोन उशिरा होणारच, आणि तो उशीर हा कारण आहे की परिणाम ते तुम्ही अजून तपासलेलं नाही. सेल्स हेडसोबत नंतर बसून पहिल्या फोनपर्यंतचा वेळ काढा, सर्च आणि फॉर्म वेगवेगळा. सर्चच्या लीडलाही उशीर होत असेल तर तो विषय आहे, आणि मग तो त्यांच्या हेडने मांडायचा.

बॉसचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण अडचण तिथेच येणार आहे. त्यांना हे सगळं मीटिंगच्या आधी दाखवा, एकटे असताना, आणि "तुमचं चुकलं" असं न म्हणता दोन टॅब शेजारी ठेवून दाखवा. एक वाक्य त्यांना उपयोगी पडेल: संपूर्ण 30 लाख सर्चवर 3400 च्या भावाने घातले असते तरी 880 लीड आल्या असत्या आणि 5.6 ने 49 ग्राहकच झाले असते. म्हणजे फॉर्मने जाहिरातीच्या पैशात आपलं जवळजवळ काहीच बिघडवलं नाही आणि काही कमावलंही नाही, फक्त सेल्सचे तास खाल्ले. सेल्सचं कन्व्हर्जन दुरुस्त करून 60 हजार खाली येणार नाही, सर्चची लीड स्वस्त झाली तरच येईल. हे त्यांना आत्ता कळलेलं बरं, नाहीतर पुढचा अख्खा क्वार्टर ते चुकीच्या टीमवर दबाव टाकतील. त्यांनी तरीही जुनंच मांडायला सांगितलं तर निदान स्रोतवार तक्ता काढू नका एवढं धरून बसा, तो तक्ता समोर असला की बाकीचं सेल्सवाले स्वतः वाचतील.

शेवटच्या स्लाइडवर फार काही वचनं नकोत. मी दोनच गोष्टी लिहीन. फॉर्मच्या लीड महिन्याला साठच्या वर जाणार नाहीत आणि फॉर्म हायर इन्टेंट प्रकारचा करू, ज्यात पाठवण्याआधी माणसाला आपली माहिती एकदा तपासून होकार द्यावा लागतो. त्याने फॉर्मची लीड महाग होईल आणि कमी येतील, ते आधीच सांगून टाका, म्हणजे पुढच्या वेळी लीडची संख्या पडली की कुणी दचकणार नाही. आणि दुसरी गोष्ट, दर पंधरा दिवसांनी सेल्समधला एक जण आणि तुमच्याकडचा एक जण मिळून वीस लीड उघडतील, कॉलच्या नोंदीसकट, आणि वाया गेलेल्या लीडचं कारण एका कॉलममध्ये लिहितील: नंबर बंद, फॉर्म भरलाच नाही, बजेट नाही, वेळ नाही. ते शब्द सेल्सला ठरवू द्या. पुढच्या रिव्ह्यूला तुमची पहिली स्लाइड तो कॉलम असेल, आणि तो त्यांनीच भरलेला असेल.